सुटे देताना ग्रीडी की तक्ता? १, ३, ४ च्या नाण्यांवर दोन पद्धतींची तुलना

समजा १, ३ आणि ४ अशा तीनच किमतींची नाणी आहेत आणि प्रत्येक हवं तितकं आहे. ६ ची रक्कम कमीत कमी नाण्यांत द्यायची आहे. हात आपसूक ४ कडे जातो, कारण ते सगळ्यात मोठं. उरले २. त्यात ना ४ बसत, ना ३, म्हणून १ आणि परत १. झाली तीन नाणी. ३ आणि ३ दिले असते, तर दोनांतच काम भागलं असतं.

उरलेल्या रकमेत बसेल ते सगळ्यात मोठं नाणं उचलायचं आणि मागे वळून पाहायचं नाही, ही ग्रीडी पद्धत. दुसरी पद्धत डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची. तिला मी इथे सरळ 'तक्ता' म्हणणार आहे, कारण प्रत्यक्षात आपण तेच भरत असतो. सुटे देणारा प्रोग्रॅम लिहायचा असेल तर यातली कोणती घ्यावी, हे आपल्याकडे नाणी कोणती आहेत आणि ती किती आहेत यावर ठरतं. रकमेचा आकार त्यानंतर बघायचा.

आधी तक्त्याचं काम कसं चालतं ते पाहू. ६ साठी शेवटचं नाणं १, ३ किंवा ४ यांपैकीच एक असणार. ते १ असेल तर त्याआधी ५ ची रक्कम झालेली असणार, ३ असेल तर ३ ची, ४ असेल तर २ ची. म्हणून ५, ३ आणि २ यांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असली की त्यांतलं सगळ्यात लहान उत्तर निवडायचं आणि त्यात १ मिळवायचा. ५ ला दोन नाणी लागतात (४ आणि १), ३ ला एक, २ ला दोन. सगळ्यात लहान ३ चं उत्तर, एक. त्यात १ मिळवला की दोन.

```python
def table(coins, amount):
    best = [0] + [float("inf")] * amount
    for x in range(1, amount + 1):
        for c in coins:
            if c <= x:
                best[x] = min(best[x], best[x - c] + 1)
    return best
```

दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की फरक नेमका कुठे पडतो ते दिसतं:

| रक्कम | ग्रीडी | तक्ता |
|---|---|---|
| १ | १ | १ |
| २ | २ | २ |
| ३ | १ | १ |
| ४ | १ | १ |
| ५ | २ | २ |
| ६ | ३ | २ |
| ७ | २ | २ |

सातपैकी सहा ठिकाणी उत्तरं जुळतात, आणि धोका त्यातच आहे. ग्रीडी चुकते तेव्हा प्रोग्रॅम अडकत नाही, एरर येत नाही. ४ + १ + १ ची बेरीज ६ च होते, रक्कम बरोबर असते, फक्त एक नाणं जास्त गेलेलं असतं. टेस्ट केसमध्ये ६ आला नाही, तर ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मग ग्रीडी कुठे बरोबर असते? १, ५, १०, २५ ही नाणी घेऊ. कमीत कमी नाण्यांचं कोणतंही उत्तर समोर आलं, तर त्यात १ ची पाच नाणी असू शकत नाहीत, कारण त्यांच्या जागी ५ चं एक देता आलं असतं. ५ ची दोन असू शकत नाहीत, त्यांच्या जागी १० चं एक. १० ची तीन असू शकत नाहीत, कारण २५ आणि ५ अशा दोनांत तेच होतं. १० ची दोन आणि ५ चं एक असंही एकत्र असू शकत नाही, त्यांच्या जागी २५ चं एक येतं. आता २५ चं नाणं न वापरता जास्तीत जास्त किती रक्कम होईल ते पाहा: १० ची दोन आणि १ ची चार, म्हणजे २४. म्हणून रक्कम २५ किंवा त्याहून जास्त असेल, तर सर्वोत्तम उत्तरात २५ चं नाणं असलंच पाहिजे. ग्रीडी तेच उचलते. खालच्या नाण्यांनाही हाच हिशोब लागू होतो.

या अदलाबदलीत लहान नाण्यांचा गठ्ठा मोडून वरचं नाणं आलं की नाणी प्रत्येक वेळी कमी होतात, आणि ग्रीडीचा सगळा भरवसा त्यावरच उभा आहे. १, ३, ४ मध्ये हीच अदलाबदल उलटी बसते. ३ ची दोन नाणी देऊन ४ चं घ्यायला गेलं की सोबत १ ची दोन घ्यावी लागतात. दोनाची तीन होतात. ४ हे नाणं ६ मधला मोठा भाग खातं हे खरं, पण मागे २ ठेवतं, आणि या नाण्यांत २ महाग पडतो. ग्रीडीला फक्त खाल्लेला भाग दिसतो, मागे राहिलेल्याची किंमत दिसत नाही.

प्रत्येक नाणं पुढच्या नाण्याला निःशेष भागत असेल, जसं १, ५, १०, ५०, १००, तर ग्रीडी नक्की बरोबर येते. पण ही अट पाळली नाही म्हणजे ग्रीडी चुकणारच, असं नाही. १० ने २५ ला भाग जात नाही, तरी वरची नाणी चालतात. आता त्याच संचातून फक्त ५ काढा. १, १०, २५ राहिले. ३० साठी ग्रीडी २५ आणि १ ची पाच, अशी सहा नाणी देते. १० ची तीन पुरली असती. ३० साठी जे ५ चं नाणं ग्रीडीला सांभाळून घेत होतं, तेच गेलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण संचात एखादं नाणं घालणं किंवा काढणं हा बदल किरकोळ वाटतो आणि कोडची एकही ओळ न बदलता उत्तरं बदलतात.

हे खऱ्या चलनातही घडलेलं आहे. ब्रिटनने १९७१ मध्ये दशमान चलन स्वीकारलं, त्याआधी तिथे १, ३, ६, १२, २४ आणि ३० पेन्सची नाणी होती. ४८ पेन्ससाठी ग्रीडी ३०, १२ आणि ६ अशी तीन देते. २४ पेन्सचं नाणं, म्हणजे फ्लोरिन, दोनदा दिलं की झालं. २४ पर्यंतची नाणी ग्रीडीला अगदी सोयीची होती, कारण प्रत्येक नाणं पुढच्याला भागत होतं. ३० पेन्सच्या हाफ क्राउनने तो क्रम मोडला.

तेव्हा आपला संच ग्रीडीला चालतो का, हे कसं ओळखायचं? रकमांना अंत नाही, सगळ्या तपासता येणार नाहीत. पण डेक्स्टर कोझेन आणि शमुएल झाक्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं की १ चं नाणं असलेल्या संचात ग्रीडी चुकत असेल, तर तिची सगळ्यात लहान चूक सर्वांत मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेच्या आतच सापडते. खालची मर्यादाही आहे: ती चूक तिसऱ्या लहान नाण्यात १ मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठी असते. १, ३, ४ ला हे लावून पाहा. चूक ५ पेक्षा मोठी आणि ७ पेक्षा लहान हवी. म्हणजे तपासायला एकच रक्कम उरते, ६, आणि ती चुकतेच.

म्हणून माझा सल्ला असा की संच हाती आला की आधी त्या बेरजेपर्यंतचा तक्ता भरा, प्रत्येक रकमेला ग्रीडी चालवून जुळवून पाहा. सगळं जुळलं तर पुढच्या कोणत्याही रकमेसाठी ग्रीडी बिनधास्त वापरा. संच बदलला की हीच तपासणी परत करा.

आता वेग आणि मेमरी. ग्रीडीत प्रत्येक प्रकारच्या नाण्यासाठी एक भागाकार पुरतो. सहा प्रकारांना सहा भागाकार, मग रक्कम शंभर असो की दहा लाख. तक्त्याला दहा लाखांच्या रकमेसाठी दहा लाख घरं आणि साठेक लाख तुलना लागतात. आजच्या संगणकाला हे जड नाही, पण रक्कम हजार पट झाली की कामही हजार पट होतं. तक्त्याची जमेची बाजू ही की एकदा भरला की त्याखालच्या सगळ्या रकमांची उत्तरं तयार मिळतात.

संच ग्रीडीला चालत नाही आणि रक्कमही मोठी आहे, अशा वेळी दोन्हींची सांगड घालता येते. सर्वोत्तम उत्तरात सर्वांत मोठं नाणं सोडून इतर नाणी फार असू शकत नाहीत. मोठं नाणं ४ चं असेल, तर इतर कोणत्याही चार नाण्यांतून काहींची बेरीज ४ च्या पटीत येतेच, आणि त्यांच्या जागी ४ ची नाणी दिली की संख्या घटते. म्हणून इतर नाणी जास्तीत जास्त तीन, आणि त्यांची बेरीज जास्तीत जास्त तीन गुणिले ३, म्हणजे ९. रक्कम ९ च्या वर असेपर्यंत ४ देत राहणं पूर्ण सुरक्षित आहे. १००२ साठी ४ ची २४९ नाणी गेली की ६ उरतात, आणि त्यांचं उत्तर तक्त्यातून दोन. एकूण २५१. नुसती ग्रीडी इथे ४ ची २५० आणि १ ची दोन, अशी २५२ देते.

आतापर्यंत नाणी हवी तितकी आहेत असं धरलं. सुटे देणाऱ्या यंत्रात तसं नसतं. १, ५, १०, २५ हा संच तपासणीत उत्तीर्ण झालेला असला, तरी यंत्रातली ५ ची नाणी संपली की तो त्या घटकेला १, १०, २५ चाच संच होतो, आणि ३० ला सहा नाणी बाहेर पडतात. त्यात १ ची नाणीही संपलेली असतील, तर ग्रीडी २५ देऊन ५ वर अडकते आणि सुटे नाहीत असं सांगते, आत १० ची तीन पडून असताना. नाणी मोजकी असतील तिथे मी ग्रीडी वापरत नाही. तिथे तक्ता भरताना प्रत्येक प्रकाराची नाणी शिल्लक आहेत तितकीच वापरायची. त्यासाठी वरच्या कोडमध्ये बदल करावा लागतो: नाण्याचा लूप बाहेर येतो, आणि एकेका प्रकाराला शून्यापासून शिल्लक संख्येपर्यंत किती वापरली ते तपासलं जातं. एवढं करून शेवटी `best[amount]` अनंतच राहिला, तर मात्र त्या रकमेचे सुटे यंत्रात खरोखरच नाहीत.