प्रमाणपत्रातला मजकूर: ओसीआर की हाताने टंकन?

ओसीआर म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरे संगणकाने ओळखणे. वेळेत ते पुढे, पण स्कॅन आधी साफ करावा लागतो. नक्षीची किनार कापून टाका, नाहीतर वेलबुट्टीची अक्षरे होतात. शिक्का निळा आणि मजकूर काळा असेल, तर रंगीत स्कॅनचा फक्त निळा चॅनल घ्या: शिक्का फिका पडतो, अक्षरे काळीच राहतात. फिकट वॉटरमार्क कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर जातो. मात्र अति वाढवलात तर अनुस्वार आणि रफारही जातात.

अचूकतेत हात सरस, विशेषतः काळा शिक्का तारखेवर बसला असेल तेव्हा. तिथे चॅनलचा उपाय चालत नाही, ‘१’ चा ‘९’ होतो. डोळा मात्र शिक्क्याची गोलाई ओळखून वगळतो.

एकाच नमुन्याच्या गठ्ठ्याला ओसीआर घ्या, नावे-तारखा मुळाशी ताडून. एकदोनच असतील तर सरळ टंका.