चार्जिंगचे पैसे: आधी अडकतात ते आणि शेवटी कापतात ते

इलेक्ट्रिक कार घेतल्यापासून पुणे-कोल्हापूर रस्त्यावर माझं नियमित येणं-जाणं आहे. चार्जिंग कसं होतं यावर पुष्कळ लिहिलं जातं, पैशांचा हिशेब नेमका कधी पूर्ण होतो यावर फारसं नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

बहुतेक ॲपांत आधी वॉलेटमध्ये पैसे भरावे लागतात. क्यूआर स्कॅन करून सेशन सुरू केलं की तुम्ही निवडलेली रक्कम अडकवून ठेवली जाते. ती कापलेली नसते. खरं बिल ठरतं चार्जरच्या मीटरवर: थांबतानाचं रीडिंग वजा सुरुवातीचं रीडिंग. साताऱ्याजवळचं एक सेशन सांगतो. ६०० रुपये अडकवले होते, दर २० रुपये युनिट. मीटरवर १८.४ युनिट झाली. त्याचे ३६८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६६.२४, एकूण ४३४.२४. उरलेले १६५.७६ लगेच मोकळे झाले, पण वॉलेटमध्येच, बँकेत नाही. गाडीच्या स्क्रीनवर युनिट जरा कमी दिसली, कारण चार्जिंग चालू असताना एसी आणि बॅटरी थंड करणारी यंत्रणाही वीज खाते, शिवाय थोडी उष्णतेत जाते. तेवढ्या फरकावरून तक्रार करण्यात अर्थ नाही.

दर पाहताना जीएसटी धरून आहे की वगळून, ते आधी बघा. २० चा दर प्रत्यक्षात २३.६० पडतो.

खरा त्रास होतो चार्जरचं नेट गेल्यावर. गन काढली, गाडी निघाली, तरी ॲपमध्ये ‘चार्जिंग सुरू’ असंच दिसत राहतं आणि रक्कम अडकलेली राहते. सेशन थांबल्याचा निरोप आणि शेवटचं रीडिंग चार्जरमध्येच पडून असतं. नेट परत आलं की ते सर्व्हरला जातं आणि मगच बिल बनतं. पुढच्या चार्जरवर तेच वॉलेट वापरायचं असेल तर तोवर आपण अडकतो. म्हणून निघण्यापूर्वी चार्जरच्या स्क्रीनवरच्या युनिटांचा आणि ॲपमधल्या सेशन क्रमांकाचा फोटो मी काढतोच. बिल चुकीचं आलं तर कस्टमर केअरपुढे ठेवायला तोच पुरावा असतो.

माझी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिथे नोव्हेंबर २०२४ पासून ५० किलोवॅट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर कार्ड टॅपची सोय सक्तीची आहे. टॅप केल्यावर बँक एक ठरावीक रक्कम रोखते, सेशन संपल्यावर प्रत्यक्षातली रक्कम वेगळी घेते. रोखलेली सुटायला कधी काही दिवस लागतात, त्यामुळे बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही नोंदी दिसून दुप्पट पैसे गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी रोखलेली नोंद ‘पेंडिंग’ आहे का, एवढं पाहावं.

तरीही मला तिची पद्धत आवडते, कारण उरलेले पैसे तिच्या खात्यात परततात. माझे मात्र चार कंपन्यांच्या चार वॉलेटांत विखुरलेले आहेत. त्यामुळे मी प्रत्येकात एका चार्जिंगपुरतेच पैसे ठेवतो, आणि यूपीआयवरून थेट बिल भरता येईल असा चार्जर वाटेत असेल तर आधी तिकडेच वळतो.