सोयाबीनचा भाव ऑगस्टमध्येच बांधावा की काढणीनंतरचा घ्यावा

लातूर भागातील पाच एकरांचा सोयाबीन उत्पादक घ्या. एकरी आठ क्विंटल धरल्यास त्याचा माल चाळीस क्विंटल होतो. प्रक्रिया मिलने ऑगस्टमध्ये ४,७०० रुपये क्विंटलचा करार पुढे केला, तर त्याच्यापुढे तीन वाटा राहतात. खालील भाव हिशेबापुरते धरले आहेत.

| निर्णय | ऑक्टोबरात भाव ४,१०० | ऑक्टोबरात भाव ५,४०० |
|---|---|---|
| सगळा माल बांधला | १,८८,००० | १,८८,००० |
| निम्मा बांधला | १,७६,००० | २,०२,००० |
| काहीच बांधला नाही | १,६४,००० | २,१६,००० |

ज्याला काढणी होताच पीककर्ज आणि खताची उधारी फेडायची आहे, त्याला भाव चढेपर्यंत माल घरात ठेवणे परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या ठरतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले होते आणि नवा माल बाजारात येईपर्यंत ते जवळपास निम्म्यावर आले, हे अनेकांना आठवत असेल.

तक्त्यात न दिसणारी गोष्ट उताऱ्याची आहे. करार भाव बांधतो, पीक बांधत नाही. काढणीच्या वेळी पाऊस लागून चाळीसऐवजी चोवीसच क्विंटल हाती आले आणि करार चाळीसचा असेल, तर उरलेले सोळा क्विंटल ५,४०० ने विकत घेऊन ४,७०० ने द्यावे लागतील, म्हणजे ११,२०० रुपये पदरचे जातील. शिवाय साऱ्या भागाचे पीक बिघडले की भाव चढण्याची शक्यता वाढते, त्यामुळे ही दोन संकटे बहुधा एकत्रच येतात. म्हणून वाईट वर्षीही हमखास येईल एवढाच माल बांधावा. इथे तो वीस क्विंटलच्या वर जाऊ नये, असे माझे मत आहे.

दुसरा धोका मिलच्या दारात उभा असतो. भाव कोसळला की एरवी चालणारा माल अचानक डागी किंवा ओला ठरू लागतो. करारात ओलावा १२ टक्के लिहिला असेल आणि मीटरने १५ दाखवला, तर टक्क्याला एक किलो या कटतीने क्विंटलमागे तीन किलो जातात आणि ४,७०० चा भाव प्रत्यक्षात ४,५५९ पडतो. मळणी झाल्यावर दोन दिवस उन्हात वाळवून, गावातच मोजून न्यावे.

सोयाबीनच्या वायद्यांवर सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती आणली. वायद्याचा आधार नसलेली मिल भाव पडण्याचा धोका स्वतः घेते आणि तो कराराच्या भावातून वजा करते, त्यामुळे देऊ केलेला भाव हमीभावाच्या खाली असेल तर मात्र आधी सरकारी खरेदी केंद्राची नोंदणी पाहावी. तिथेही ओलाव्याची अट आहे आणि पैसे उशिरा येतात.

सही करण्यापूर्वी मीटर कोणाचा, वजन कोणत्या काट्यावर, नमुना नाकारल्यास फेरतपासणी कोण करणार आणि मिलने माल उचलला नाही तर तिची अनामत किती, ही चार उत्तरे लेखी घ्यावीत.