पुढच्या ऋतूचा चहा: आधी सांगावा की झाकून ठेवावा?

वर्षाला चार पेट्या आणि प्रत्येक पेटीत त्या ऋतूसाठी जुळवलेला नवा चहा. अशी वर्गणी सुरू करणाऱ्या चहाविक्रेत्याला मजकूर लिहायला बसताच एक निर्णय घ्यावा लागतो. चारही चहांची नावं आणि त्यांत काय काय आहे ते वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायचं, की प्रत्येक पेटी निघेपर्यंत झाकून ठेवायचं? पहिल्या पद्धतीला उघडी पेटी म्हणू, दुसरीला झाकली पेटी.

झाकली पेटी पहिल्यांदा वाचायला जास्त आकर्षक वाटते. ‘आषाढात काय येणार? ओळखा पाहू.’ पण मराठी घरात चहाबद्दलचा पहिला प्रश्न चवीचा नसतो, दुधाचा असतो. चहा दुधाचा की बिनदुधाचा, हे कळल्याशिवाय तो घरात कोणासाठी आहे तेच ठरत नाही. समजा झाकल्या पेटीतून दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा निघाला. घरातल्यांनी तो नेहमीप्रमाणे आलं, साखर, दूध घालून खळखळून उकळला, तर हाती फिकट, बेचव पाणी येतं आणि दोष पेटीला लागतो. त्या पानाला २०० मिलिलिटर पाण्यात अडीच ग्रॅम, उकळी मोडल्यावर ओतून तीन मिनिटं, एवढंच हवं असतं. म्हणून झाकायचंच असेल तर चव झाका, पद्धत झाकू नका. ‘हा चहा दुधाचा आहे’ किंवा ‘यात दूध घालू नका’ हे वाक्य वर्गणी घेण्याच्या पानावरच हवं. आतल्या घटकांची यादीही मागणाऱ्याला आधी मिळाली पाहिजे, कारण एखाद्याला ज्येष्ठमध चालत नाही, एखाद्याला लवंग.

उघड्या पेटीची अडचण वेगळी आहे. मिश्रण मसाल्याचं असेल तर कृती तुमच्या हातात असते आणि जानेवारीत दिलेला शब्द जूनमध्ये पाळता येतो. बागेतल्या खुडणीचा चहा असेल तर तो शब्द पानांच्या हाती असतो. दार्जिलिंगची पहिली खुडणी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, दुसरी मे-जून आणि शरदातली ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. वसंत कोरडा गेला की पहिली खुडणी लांबते. इथे एक चूक हमखास होते: ‘या दिवाळीच्या पेटीत यंदाचा शरद खुडणीचा चहा’ असं लिहिलं जातं. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येते, तेव्हा खुडणी अजून चालू असते. वाळवणं, चाखणं, भरणं आणि टपाल धरलं तर तो चहा दिवाळीला पोहोचत नाही. वेळेवर पेटी पाठवायची तर गेल्या वर्षीचं पान घालावं लागतं, आणि मग ‘यंदाचा’ हा शब्द खोटा ठरतो.

आमचा कल असा: मसाल्याच्या पेट्या उघड्या ठेवा. बागेच्या पेट्यांचा ऋतू, प्रदेश आणि पद्धत उघडी ठेवा, बागेचं नाव मात्र चहा चाखून घेतल्यावरच सांगा. वाट पाहायला लावण्यासाठी वाचकापासून काही लपवावंच लागतं असं नाही. काय येणार हे ठाऊक असूनही माणूस आंब्याची वाट पाहतोच.

ही वाट कशावर टांगायची, यातच मजकुराचं यश-अपयश आहे. पावसाळ्याच्या पेटीचं उदाहरण घेऊ. अनेक विक्रेते लिहितात, ‘पहिल्या सरीबरोबर तुमच्या दारात.’ मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं गृहीत धरून हे लिहिलं जातं. पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. अशा वर्षी १ जूनला निघालेली पेटी पहिल्या सरीनंतर येते आणि शब्द फुकट जातो. त्यापेक्षा ‘मृगाचा चहा’ म्हणा. सूर्य मृग नक्षत्रात साधारण ७-८ जूनला जातो, दरवर्षी त्याच सुमारास. ते कॅलेंडरवर छापलेलं असतं, आणि पाऊस पुढेमागे झाला तरी मृग लागलेलं असतंच.

आता पेटीत किती भरायचं, याचा मजकुराशी थेट संबंध आहे. दुधाच्या चहाला कपाला अडीच ग्रॅम धरले तर १०० ग्रॅमचे ४० कप होतात. चार माणसांच्या घरात दोन वेळा चहा झाला तर हे पाच दिवसांत संपतात. तीन महिन्यांच्या वर्गणीत पाच दिवसांचा चहा आणि बाकी पंच्याऐंशी दिवस नुसती वाट! ‘रोजचा चहा’ असं लिहिलेली पेटी इथे नाराज करते. त्याऐवजी ‘रविवारचा चहा’ म्हणा आणि १२५ ग्रॅम भरा. चार कपांचा एक रविवार, म्हणजे ५० कपांत बारा रविवार निघतात. डबा तळाला जातो तेव्हाच पुढची पेटी येते. मिश्रण असं: १०३ ग्रॅम आसाम सीटीसी, १२ ग्रॅम वाळवलेला गवती चहा, ६ ग्रॅम सुंठ, ४ ग्रॅम वेलची. गवती चहा हातात मोडला की कुरकुर वाजला पाहिजे, वाकला तर त्यात ओल आहे आणि पुडीत बुरशी येईल. सीटीसीचे बारीक दाणे तळाशी बसतात, पात्या वर राहतात, म्हणून पहिल्या कपात गवती चहाच गवती चहा आणि शेवटच्यात नुसता कडकपणा अशी तक्रार येते. पुडीवर ‘डबा उलटसुलट हलवून मगच चमचा घाला’ एवढं छापलं की ती थांबते.

या पेटीसाठी लिहिलेल्या मजकुराचे दोन नमुने शेजारी ठेवून पाहा.

‘पावसाची मजा द्विगुणित करणारा, सुगंधी, ताजातवाना करणारा खास चहा.’

‘मृग लागला की रविवारी खिडकी उघडा. गवती चहा, सुंठ, वेलची, आसामचा कडक चहा. दूध घाला, सहा मिनिटं उकळा. बारा रविवार पुरेल.’

पहिलं वाक्य कुठल्याही चहाला चालेल, म्हणून या चहाचं काहीच सांगत नाही. दुसऱ्यात वाचकाला स्वतःची खिडकी दिसते. ‘सर्दी-कफ पळवतो’ असं मात्र लिहू नका. सुंठ असली तरी तो रोग बरा करण्याचा दावा होतो आणि विक्रेता अडचणीत येतो.

शेवटी पाठवण्याची वेळ. कार्डावरून आपोआप पैसे वळते होणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाला किमान २४ तास आधी सूचना जाते आणि त्यात नको म्हणण्याची सोय असते. तुमचा मजकूर त्याआधी पोहोचला नसेल तर नव्या ऋतूची पहिली बातमी ‘तुमच्या खात्यातून अमुक रक्कम वजा होणार’ अशी येते, आणि वर्गणी तिथेच बंद होते. पेटी १ जूनला निघणार असेल तर १५ मेला ‘मृगाची पेटी भरायला घेतोय’ एवढाच निरोप, २२ मेला पूर्ण मजकूर, २७ मेला पैसे. २२ तारखेच्या निरोपातच ‘या वेळची पेटी नको असेल तर इथे सांगा’ हा दुवा ठेवा. बाहेर पडण्याची वाट लपवणं आणि ‘फक्त ९ पेट्या उरल्या’ अशी खोटी घाई लावणं, दोन्ही गोष्टी २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवल्या आहेत.