सहा महिने फोटोवरून नोट्स काढतेय, हा आठवडा तुझ्यासाठी

अगं,

ताप उतरला असेल तर सोबतची फाइल उघड. फिजिकल केमिस्ट्रीचे चारही तास त्यात आहेत. नुसते फोटो का पाठवत नाही, असं तू मागे विचारलं होतंस. जूनमध्ये तेच करत होते. पण परीक्षेआधी चाळीस फोटोंत 'हाफ लाइफ' शोधताना डोळे फुटायची वेळ आली.

आता वहीचं पान खिडकीजवळ सपाट ठेवते, फ्लॅश बंद करते आणि बरोबर वरून फोटो काढते. तिरका काढला की कडेची अक्षरं चेपतात. मोबाइलमधली मजकूर उचलायची सोय वाक्यांना ठीक आहे, सूत्रांना अजिबात नाही. घातांक खाली उतरतात आणि उणे चिन्ह गळतं. त्यामुळे सूत्रं आता मी हातानेच टाइप करते. वेळ जातो, पण मंगळवारचं उदाहरण बघ म्हणजे का ते कळेल.

हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन, परमँगनेटने टायट्रेशन. सुरुवातीला ब्युरेटमधून 24.0 मिली लागलं, 300 सेकंदांनी 12.0. हे आकारमान उरलेल्या पेरॉक्साइडच्या प्रमाणात असतं, म्हणून a च्या जागी V₀ आणि a−x च्या जागी Vₜ:

```
k = (2.303/t) log(V₀/Vₜ)
  = (2.303/300) × 0.3010
  = 2.31 × 10⁻³ s⁻¹
```

मोबाइलने उत्तर उचललं 2.31 × 103. मी घाईत 3 वर चढवला, उणे विसरले आणि तशीच पुढे गेले. चूक सापडली ती 0.693/k काढल्यावर. अर्धायुकाल आला 0.0003 सेकंद! अगं, तेवढ्यात ब्युरेटची तोटीसुद्धा फिरत नाही. शिवाय 24 चे 12 व्हायला 300 सेकंद लागले हे वर लिहिलेलंच होतं. तेव्हापासून प्रत्येक गणित उत्तराकडून उलटं तपासते.

दुसरी अडचण समासातल्या आडव्या मजकुराची, तो मोबाइल सरळ गाळतो. या वेळी तिथेच कामाची ओळ होती: परमँगनेट गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये वक्राची वरची कड वाचायची, खालची नाही. ती मी पिवळ्या चौकटीत टाकलीय.

प्रत्येक भागाशेजारी मूळ पानाचा क्रमांक आहे आणि फोटो शेवटी जोडलेत. माझ्या टायपिंगवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पुढे पाठव, पानांचे साधे फोटो काढून पाठवलेस तर बारीक अक्षर पुसट होतं.

गुरुवारच्या दुसऱ्या पानावर लाल प्रश्नचिन्ह आहे. तिथे सरांनी फळा पुसला आणि आलेखाच्या उभ्या अक्षावर log Vₜ होतं की नुसतं Vₜ, ते माझ्याकडून राहिलं. रेषा सरळ उतरती होती, म्हणजे log असणार. तरी सोमवारी लॅबमध्ये सरांना विचारू. येताना तुझी जर्नल आण, या प्रयोगाची रीडिंग्ज उतरवायची आहेत.