कापसाचा भाव आणि गूगल ट्रेंड्स : एक हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

कापूस घरात ठेवावा की विकावा, हे ठरवताना लोकांचा मूड कळावा म्हणून गूगल ट्रेंड्स, म्हणजे एखादा शब्द गूगलवर किती शोधला जातो त्याचा आलेख दाखवणारं साधन, पूर्ण हंगामभर वापरलं. मत आधीच सांगतो. लोक भावासाठी किती अधीर झालेत, ते यात चांगलं दिसतं. भाव कधी फिरेल हे मात्र दिसत नाही, आणि तेजीच्या शेंड्यावर तर ते हमखास उशिरा बोलतं.

प्रदेश महाराष्ट्र ठेवा, कालावधी 5 वर्षे. एकच शब्द टाकून भागत नाही, कारण आपल्याकडे बरेच जण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतच मराठी टाइप करतात. म्हणून असं टाका:

```
कापूस भाव + kapus bhav + कापूस बाजारभाव
```

अधिकच्या चिन्हामुळे तिन्ही शोध एकाच रेषेत येतात. 5 वर्षांच्या आलेखात रविवार ते शनिवार असा आठवड्याचा एक आकडा मिळतो. शेवटचा तुटक रेषेतला भाग अपुऱ्या आठवड्याचा असतो, तो धरू नका. अकोट किंवा वणीपुरतं पाहायला जाल तर शोध इतके थोडे की आकडा शून्यावर येतो. शिवाय हे सगळं नमुन्यावरून काढलेलं असतं, त्यामुळे तोच आलेख दुसऱ्या दिवशी थोडा वेगळा दिसतो. दोन-चार अंकांच्या चढउताराला काही अर्थ नाही.

खरी गोची 100 च्या आकड्यात आहे. 100 म्हणजे निवडलेल्या काळातला सर्वांत वरचा बिंदू, बाकी सगळे त्याच्या प्रमाणात. समजा ओळीने चार आठवडे शोधाचं खरं प्रमाण 20, 30, 45, 60 असं वाढलं. तिसऱ्या आठवड्यात पाहाल तर 44, 67, 100 दिसेल. चौथ्यात तेच 33, 50, 75, 100 होईल. मागचा उच्चांक मोडून चढ चालू असताना प्रत्येक नवा आठवडा 100 च दाखवतो. शेंडा कोणता होता, ते रेषा खाली आल्यावरच कळतं, आणि तोवर बाजार समितीतला भाव बहुधा उतरलेला असतो. मागचा आलेख पाहताना शेंडा अगदी स्पष्ट दिसतो, म्हणूनच फसगत होते.

दुसरी अडचण अशी की शोधाला दिशा नसते. भाव चढला तरी लोक शोधतात, कोसळला तरी शोधतात. त्यात वेचणी सुरू झाली की दरवर्षी रेषा वर जातेच. म्हणून मागच्या आठवड्याशी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करा आणि शेजारी भाव अन् आवक लिहून ठेवा.

2022-23 चा हंगाम या नजरेनं पाहण्यासारखा आहे. त्याआधीच्या हंगामात कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला होता. एप्रिल 2022 मध्ये केंद्रानं आयात शुल्क काही काळासाठी काढलं. पुढच्या हंगामात सुरुवातीला भाव 9 हजारांच्या आसपास होता, तरी कास्तकारांच्या डोक्यात मागचा आकडाच बसलेला होता, म्हणून कापूस घरातच राहिला. आवक लांबली, आणि 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत भाव 7 हजारांच्या घरात आला. अशा वेळी लक्ष भावाच्या मागे उशिरानं धावतं. भाव थांबला तरी ‘आता वाढेल का’ हे पाहणारे थांबत नाहीत, कारण माल त्यांच्याच घरात असतो. एक खबरदारी: 1 जानेवारी 2022 पासून गूगलनं माहिती गोळा करण्याची पद्धत सुधारली, आलेखावर तशी नोंद दिसते. त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे सरळ जोडू नका.

यातून कामाची खूण एकच हाती लागते. शोध गेल्या वर्षीपेक्षा बराच वर, आवक कमी, आणि मॉडल भाव, म्हणजे बहुतेक माल ज्या भावानं विकला गेला तो, दोन-तीन आठवडे नवा उच्चांक करत नाही, हे तिन्ही एकत्र दिसलं तर घराघरात माल अडकलाय असं समजा. तिथे निदान काही क्विंटल काढून टाकलेले बरे. ‘रेषा खाली वळली की विकू’ म्हणून थांबलात, तर उशीर ठरलेलाच.

मंदीच्या तळाशी याचा उपयोग जवळजवळ नाही. भाव हळूहळू घसरला की लोक पाहणंच सोडून देतात. रेषा तळाला महिनोन्‌महिने पडून राहते, आणि पुन्हा उठते ती भाव बराच वर आल्यावर.

यूट्यूबचं लक्ष याहूनही मागे असतं. ‘कापूस 10 हजार पार’ अशा व्हिडिओचे एकूण व्ह्यूज पाहू नका, ते सहसा कमी होत नाहीत आणि जुना व्हिडिओही आठवडाभर समोर येत राहतो. एकाच चॅनलच्या नव्या व्हिडिओला पहिल्या 24 तासांत किती व्ह्यूज आले, तेवढंच टिपा. व्हॉट्सॲपवर फिरणारा भावाचा फोटो आला, तर आधी तारीख पाहा आणि त्या समितीच्या त्या दिवसाच्या आवकेशी ताडून घ्या. पाच-दहा क्विंटलला मिळालेला कमाल भाव मॉडल म्हणून फिरवला जातो, आणि शोधाची रेषा अशा फोटोंमुळेही उसळते.