त्यांना कोच नको होता, रिपोर्ट हवा होता

जाहिरात चार ओळींची होती. ‘छोट्या स्पोर्ट्स अकॅडमीसाठी पार्ट-टाइम फिटनेस कोच पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी दोन तास. मानधन अनुभवानुसार. तातडीने.’ सकाळी जिममध्ये माझ्या बॅचेस असतात, संध्याकाळ रिकामीच जायची. मी फोन केला. ‘मानधन अनुभवानुसार’ म्हणजे नेमकं किती, हे पहिल्याच फोनवर विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. काम आवडीचं दिसलं की माणूस पैशाचं बोलायला लाजतो, त्यातली गत.

संचालक बोलायला फार गोड. म्हणाले, “मॅडम, आम्ही इंटरव्ह्यू वगैरे घेत नाही. मैदानावर या, मुलांबरोबर काम करा, तिथेच कळतं.” मला ते पटलं. आमच्या क्षेत्रात प्रॅक्टिकल द्यावं लागतंच. साधारणपणे एक बॅच देतात, अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात आणि कुणीतरी बाजूला उभं राहून बघतं: सूचना मुलांना कळतात का, चुकीचं लँडिंग तुमच्या नजरेला पडतं का, मुलं रांगेत ताटकळत तर नाहीत ना.

इथे मला ३४ मुलं दिली. सगळी ११ ते १४ वयाची. आणि सांगितलं, “आधी सगळ्यांची बेसलाइन घ्या, म्हणजे तुमची पद्धत आम्हाला कळेल.”

मी २० मीटर स्प्रिंट, जागेवरून लांब उडी आणि २० मीटर शटल म्हणजे बीप टेस्ट, अशा तीन टेस्ट ठरवल्या. बीप टेस्टमध्ये बीपच्या तालावर दोन रेषांमध्ये ये-जा करत पळायचं, दर लेव्हलला वेग वाढतो, आणि जमेनासं झालं की थांबायचं. टेप, स्टॉपवॉच, स्पीकर सगळं घरून नेलं. मैदानावर बघते तर पिवळ्या रंगाच्या दोन रेषा आधीच मारलेल्या. टेप लावला, बरोबर २० मीटर. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, इथे कुणाला तरी या गोष्टींची कदर आहे. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “मॅडम, बीप टेस्ट ना? मागच्या सरांनी पण घेतली होती.” मी “अरे वा” म्हणून पुढे गेले. त्याच क्षणी थांबून विचारायला हवं होतं, की मागच्या सरांनी घेतली होती तर त्यांचे आकडे कुठायत? आणि ते सर कुठायत?

टेस्टला तीन संध्याकाळी गेल्या. स्प्रिंटचे प्रत्येकी दोन प्रयत्न म्हणजे ६८ वेळा स्टॉपवॉच दाबायचं, वर नावानिशी नोंद. या तिन्ही दिवसांत माझं काम बघायला एकदाही कुणी आलं नाही. संचालक ऑफिसात पालकांशी बोलत असायचे. फक्त जाताना विचारायचे, “शीट तयार झाली का?” माझी पद्धत बघायची होती ना? मग मुलांना मी काय सांगते त्यात यांना रस का नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शीट दिली. मग ‘कमिटीसमोर ठेवायला’ १२ आठवड्यांचा प्लॅन मागितला. तोही चार रात्री बसून केला. मग “पहिले दोन आठवडे तुम्हीच सुरू करून द्या, तोवर कमिटीचं होईल.” तेही केलं. त्यानंतर फोन उचलणं बंद. दोन मेसेजनंतर उत्तर आलं, ‘सध्या पद थांबवलं आहे. हवं असल्यास अनुभवाचं पत्र देऊ.’ मानधनाबद्दल अक्षर नाही. मी झालेल्या सत्रांची तारखांसकट यादी पाठवली. त्यावर, ‘तो निवड प्रक्रियेचा भाग होता.’ लेखी काहीच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे मी त्यांच्या अंगणात उभी राहून भांडणार तरी कशाच्या जोरावर?

साधारण दहा दिवसांनी जाहिरात पुन्हा आली. यावेळी एक ओळ वाढली होती: ‘१२ आठवड्यांचा प्लॅन राबवता येणं आवश्यक.’

खरा उलगडा झाला तो एका अनोळखी फोनमुळे. “मॅडम, तुमचा नंबर एका शीटच्या खालच्या टॅबवर होता. मी अकॅडमीत नवीन आलोय, प्रॅक्टिकल चाललंय. त्यांचा प्लॅन आहे, पण त्यातलं एक कळत नाहीये.” प्लॅन माझा होता. माझं नाव काढलं होतं, लोगो लावला होता. त्यांना तिसऱ्या आठवड्यापासून पुढे चालवायला सांगितलं होतं, आणि शेवटी परत तीच टेस्ट.

शेवटच्या टेस्टचं ऐकलं आणि सगळं जुळलं. सत्राच्या सुरुवातीचे आकडे एकाकडून, शेवटचे दुसऱ्याकडून. दोन्ही शेजारी छापले की पालकांच्या हातात ‘प्रगती अहवाल’ आणि पुढच्या सत्राची फी. अशा अहवालात तंत्रही धड नसतं. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचवर दोन वेगळ्या माणसांच्या वेळेत सहज सेकंदाच्या दशांशांचा फरक पडतो, आणि २० मीटरमध्ये मुलाची खरी सुधारणाही तेवढीच असते. म्हणजे प्रगती मुलाची की अंगठ्याची, सांगता येणार नाही.

पण फोन करणाऱ्या त्या नव्या कोचचा प्रश्न वेगळा होता. प्लॅनमध्ये १५ सेकंद पळणं, १५ सेकंद थांबणं असा भाग होता, आणि अंतराच्या जागी ‘स्वतःचं’ एवढंच लिहिलेलं. ते अंतर प्रत्येकाच्या बीप टेस्टमधून येतं. सातव्या लेव्हलला वेग ताशी ११.५ किलोमीटर असतो, म्हणजे १५ सेकंदांत सुमारे ४८ मीटर. तिसऱ्या लेव्हलला थांबलेल्याचा वेग ९.५, त्याचे साधारण ४० मीटर. ही यादी दुसऱ्या शीटवर होती, ती त्यांना दिलीच नव्हती. संचालकांनी सांगितलं होतं, “सगळ्यांना ४८ ठेवा, सोपं पडतं.” म्हणजे मागे पडणाऱ्या मुलांना स्वतःच्या वेगापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त पळवायचं. तेही फेरीमागून फेरी.

मी विचारलं, “दोन नावांपुढे ‘उडी नाही’ असं लिहिलेलं दिसतंय का?”

“नाही मॅडम, तसा कॉलमच नाहीये.”

पोटात धस्स झालं. त्या दोघांना गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दाबला की दुखायचं. उंची भराभर वाढत असताना मांडीच्या स्नायूची ओढ तिथल्या कोवळ्या हाडावर येते. अशा मुलांना उड्यांचे सेट दिले की दुखणं चिघळतं. अहवालात शोभत नाही म्हणून तो कॉलम उडवला असणार.

मी त्यांना आधी ती दोन नावं सांगितली, मग ३४ जणांची अंतरं फोनवर एकेक करून लिहून घ्यायला लावली. अर्धा तास गेला. म्हणाले, “आज संध्याकाळचं सत्र घेतो, मुलं वाट बघत असतील. उद्यापासून मात्र मानधन लेखी आल्याशिवाय जाणार नाही.” फोन ठेवता ठेवता त्यांनी चाचरत विचारलं, “मॅडम, एक विचारू? तुम्हाला किती दिले त्यांनी?”

“मागच्या सरांइतकेच,” मी म्हटलं.